भाड्याचे नेटवर्क, स्वतःचे ग्राहक

मोबाइल सेवा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे स्वतःचे टॉवर असतातच असे नाही. अनेक देशांत अशा शेकडो कंपन्या आहेत, ज्यांच्याकडे एकही टॉवर नाही आणि सरकारी लिलावात घेतलेले स्पेक्ट्रमही नाही. त्या मोठ्या कंपनीकडून नेटवर्कची क्षमता घाऊक भावाने घेतात आणि आपल्या नावाने, आपल्या दराने, आपल्या सिमवर ग्राहकांना किरकोळीत विकतात. अशा कंपनीला आभासी नेटवर्क ऑपरेटर किंवा एमव्हीएनओ म्हणतात. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 1999 मध्ये ‘व्हर्जिन मोबाइल’ने ‘वन टू वन’ या कंपनीच्या नेटवर्कवर सेवा सुरू केली. हे या धंद्याचे पहिले मोठे उदाहरण मानले जाते.

असा ऑपरेटर नेमके काय भाड्याने घेतो, त्याचे भाडे कशावर ठरते आणि त्याचा ग्राहकाच्या हातातल्या फोनवर काय परिणाम होतो, हे सर्वांत स्वच्छ दिसते ते जपानमध्ये. तिथे भाड्याचा दर जाहीर असतो आणि तो काढण्याचे सूत्र कायद्याने ठरलेले आहे. त्यामुळे स्वस्त सिम स्वस्त का आणि दुपारी बारानंतर ते संथ का होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच हिशेबात सापडतात.

दार उघडले ते मंत्र्यांच्या निवाड्याने

मोठ्या कंपनीला आपले नेटवर्क प्रतिस्पर्ध्याला देण्याची हौस नसते. टॉवर उभारायला तिने पैसा ओतलेला असतो, आणि भाडेकरू कंपनी त्याच टॉवरवरून तिचेच ग्राहक कमी दरात ओढणार असते. म्हणून कायद्याचा रेटा असल्याखेरीज हा धंदा सहसा रुजत नाही.

‘जपान कम्युनिकेशन्स’ या छोट्या कंपनीने 2001 मध्ये डीडीआय पॉकेट या कंपनीचे नेटवर्क भाड्याने घेऊन ‘बी-मोबाइल’ ही डेटा सेवा सुरू केली. पुढे तिला देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे, म्हणजे एनटीटी डोकोमोचे थ्रीजी नेटवर्क हवे होते. भाडे कसे मोजायचे यावर दोघांचे जमेना. अखेर 2007 मध्ये जपान कम्युनिकेशन्सने दूरसंचार खात्याच्या मंत्र्यांकडे दाद मागितली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवाडा तिच्या बाजूने लागला. भाडे बँडविड्थवर, म्हणजे जोडणीच्या रुंदीवर मोजावे, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. पुढच्या वर्षी कंपनीची थ्रीजी सेवा सुरू झाली आणि तिच्या मागून इतरांनाही वाट मिळाली.

या निवाड्यामागे जपानच्या दूरसंचार कायद्यातली एक तरतूद आहे. ज्या मोबाइल कंपन्यांचा बाजारातला वाटा मोठा आहे, त्यांची यंत्रणा ‘निर्दिष्ट’ ठरवली जाते. अशा कंपनीला इतरांना जोडणी द्यावी लागते, तिच्या अटी आणि दर जाहीर करावे लागतात आणि दर खर्चाच्या आधारावर ठेवावे लागतात. भाडेकरू लहान असला तरी त्याला दारातून परत पाठवता येत नाही.

भाड्याने मिळते ते एक दार

ग्राहकाने फोनवर एखादे पान उघडले की त्याची मागणी आधी जवळच्या टॉवरकडे जाते. तिथून ती डोकोमोच्या केबलींमधून तिच्या मध्यवर्ती यंत्रणेत पोहोचते. इथपर्यंत डोकोमोचा स्वतःचा ग्राहक आणि भाडेकरू कंपनीचा ग्राहक यांचा प्रवास सारखाच असतो. टॉवर तोच, लहरी त्याच, सिग्नलच्या कांड्याही तेवढ्याच. त्यानंतर वाटा फुटतात. डोकोमोच्या ग्राहकाची मागणी तिच्याच गेटवेमधून इंटरनेटवर जाते. भाडेकरू कंपनीच्या ग्राहकाची मागणी मात्र दोन्ही कंपन्यांना जोडणाऱ्या एका ठरावीक जागी येते, तिथून भाडेकरूच्या गेटवेत शिरते आणि मग इंटरनेटवर जाते.

कोणाची मागणी कोणत्या वाटेने न्यायची हे यंत्रणेला कळते ते फोनमध्ये भरलेल्या ॲक्सेस पॉइंटच्या नावावरून. जपानमधल्या जुन्या आणि नावाजलेल्या भाडेकरू कंपन्यांपैकी एक म्हणजे आयआयजे. तिचे सिम घातलेल्या फोनच्या सेटिंगमध्ये APN या रकान्यात `iijmio.jp` असे टाकावे लागते. युजरनेम `mio@iij` आणि पासवर्ड `iij`, हे सगळ्या ग्राहकांना एकच. एवढ्या एका नावामुळे डोकोमोची यंत्रणा तो डेटा आयआयजेच्या दाराकडे वळवते. हे नाव चुकले तर सिग्नल भरपूर दिसतो, पण इंटरनेट अजिबात चालत नाही. नव्या ग्राहकांच्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका रकान्यापाशी सुटतात.

भाड्याने मिळते ते हे दार. टॉवरची देखभाल, केबली, स्पेक्ट्रमचा खर्च यांपैकी काहीही भाडेकरूच्या अंगावर येत नाही. त्याच्याकडे गेटवे, बिले काढण्याची यंत्रणा, ग्राहकसेवा आणि इंटरनेटची जोडणी एवढेच असते. गेटवे चालवण्याइतके तांत्रिक बळ ज्यांच्याकडे नाही, ते दुसऱ्या भाडेकरू कंपनीचा गेटवे वापरतात. आयआयजे स्वतःची सेवा विकते आणि अशा लहान कंपन्यांना मागून यंत्रणाही पुरवते. त्यामुळे दुकानात वेगवेगळ्या नावांनी मिळणारी सिम कार्डे आत एकाच दारातून जात असण्याची शक्यता असते.

सिम कार्डही बहुतेक भाडेकरूंच्या मालकीचे नसते. ते डोकोमोने दिलेले असते आणि सेवा बंद केली की परत करावे लागते. ग्राहकाची ओळख तपासणारी मूळ नोंदवही डोकोमोकडेच असते. ही नोंदवही स्वतःची उभारणारी जपानमधली पहिली भाडेकरू कंपनी आयआयजे ठरली, तीही 2018 मध्ये. त्यामुळे तिला स्वतःचे सिम काढता येऊ लागले आणि पुढच्या वर्षी ई-सिमही देता आले. टॉवर मात्र तिच्याकडे अजूनही नाहीत.

भाड्याचा दर

जोडणीचे भाडे 10 एमबीपीएस रुंदीला महिन्याचे अमुक येन असे ठरते. दर काढण्याची रीत अशी: डेटा सेवेवर डोकोमोला आलेला वाजवी खर्च घ्यायचा, त्यात वाजवी नफा मिळवायचा आणि त्या बेरजेला एकूण मागणीने भागायचे. डेटाचा वापर वर्षागणिक वाढतो, पण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे भागाकार लहान होत जातो आणि भाडे उतरते. 2013 सालासाठी 10 एमबीपीएसचा मासिक दर सुमारे 12 लाख 35 हजार येन होता. 2014 साठी तो 9 लाख 45 हजारांवर आला आणि 2015 साठी 7 लाख 85 हजारांवर. त्यानंतरही तो उतरतच गेला.

या पद्धतीत एक अडचण होती. दर मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चावरून काढला जाई आणि नंतर मागील तारखेपासून लागू होई. म्हणजे सिम विकताना भाडेकरूला आपला खरा खर्च माहीत नसे. भाडे खाली येणार हे ठाऊक असे, पण किती येणार हे वर्ष उलटल्यावर कळे. 2020 पासून पुढच्या काळाचा खर्च आणि मागणी यांच्या अंदाजावर दर आधीच सांगण्याची पद्धत आली आणि ही अडचण बरीच कमी झाली.

रुंदीवर भाडे असण्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. किती डेटा वाहिला याचे पैसे मोठी कंपनी मोजत नाही. दार किती रुंद घेतले त्याचे मोजते. रात्री तीन वाजता त्या दारातून काहीही गेले नाही तरी भाडे तेवढेच, आणि दिवसभर ते तुडुंब वाहिले तरी तेवढेच. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

दहा हजार ग्राहकांचा हिशेब

समजा, 2014 च्या दराने एका कंपनीने 50 एमबीपीएस रुंदी घेतली आहे आणि तिचे 10 हजार ग्राहक आहेत. 10 एमबीपीएसचे पाच भाग, प्रत्येकी 9 लाख 45 हजार, म्हणजे महिन्याला सुमारे 47 लाख 25 हजार येन. ग्राहकामागे हा खर्च सुमारे 472 येन पडतो. दर सिममागे डोकोमोला द्यायची थोडी रक्कम, बिलांचा खर्च आणि ग्राहकसेवा हे वेगळे. त्या काळी महिन्याला 2 जीबीचे फक्त डेटा देणारे सिम 900 येनच्या आसपास मिळे. म्हणजे हिशेब जेमतेम बसतो.

आता ही रुंदी पुरेशी आहे का ते पाहू. 50 एमबीपीएसच्या दारातून तीस दिवस अखंड डेटा वाहिला तर महिन्याला सुमारे 16 हजार जीबी जाऊ शकतो. ग्राहक सरासरी 800 एमबी वापरत असतील, तर सगळ्यांचा मिळून वापर 8 हजार जीबी होतो. सरासरीने पाहिले तर दार निम्मे रिकामे आहे.

पण ग्राहक सरासरीने जगत नाहीत. जपानमध्ये कार्यालयांची जेवणाची सुटी बहुतेक ठिकाणी बारा ते एक असते, आणि त्या तासात लाखो लोक एकाच वेळी फोन उघडतात. आपल्या 10 हजार ग्राहकांपैकी फक्त 200 जण एकाच क्षणी काही उतरवून घेत आहेत असे धरले, तर 50 एमबीपीएसची वाटणी होऊन प्रत्येकाला 250 केबीपीएस मिळतात. एवढ्यात निरोप जातो-येतो, पण छायाचित्रांनी भरलेले पान ताटकळत उघडते आणि व्हिडिओ अडखळतो. रात्री तीन वाजता तेच दहा जण जागे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 5 एमबीपीएस येतात.

बाराच्या ठोक्यालाही प्रत्येकाला 1 एमबीपीएस द्यायचे ठरवले, तर 200 एमबीपीएस रुंदी लागेल. तिचे भाडे महिन्याला सुमारे 1 कोटी 89 लाख येन, म्हणजे ग्राहकामागे 1,890 येन. 900 येनला विकल्या जाणाऱ्या सिमसाठी हे परवडणारे नाही. एका तासासाठी घेतलेली ही जादा रुंदी उरलेले तेवीस तास बव्हंशी रिकामी पडून राहील.

म्हणून स्वस्त सेवेतला खरा निर्णय एकच असतो: गर्दीच्या तासात ग्राहकांना किती संथ वेग सोसायला लावायचा. रुंदी जास्त घ्यावी तर नफा जातो, कमी घ्यावी तर ग्राहक जातात. शिवाय ग्राहक वाढले की तीच रुंदी अधिक जणांत वाटली जाते. एखाद्या कंपनीचा वेग सुरुवातीला उत्तम असतो, त्याची ख्याती पसरते, ग्राहकांची रीघ लागते आणि सहा महिन्यांत तो वेग कोसळतो. असा क्रम जपानमधल्या ग्राहकांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे आज मोजलेल्या वेगावरून सहा महिन्यांनंतरच्या वेगाची खात्री देता येत नाही.

‘फ्रीटेल’ या कंपनीची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. आपला वेग या क्षेत्रात सर्वाधिक असल्याचा दावा ती जाहिरातीत करत होती. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने एप्रिल 2017 मध्ये अशा दाव्यांबद्दल तिच्याविरुद्ध आदेश काढला. त्याच वर्षाअखेर तिचा सिमचा धंदा राकुतेनकडे गेला आणि मूळ कंपनीने दिवाळखोरीतून सावरण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज केला.

संथपणाचे मूळ कसे ओळखावे

फोन संथ झाला म्हणजे दोष भाडेकरू कंपनीचाच, असे नाही. गर्दी दोन ठिकाणी होऊ शकते. एक टॉवरपाशी, जिथे एका भागातले सगळे फोन त्याच लहरींवर भार टाकतात. दुसरी जोडणीच्या दारापाशी, जिथे देशभरातले त्या एका कंपनीचे ग्राहक एकत्र येतात. पहिली गर्दी असेल तर डोकोमोचा ग्राहकही तेवढाच अडतो. दुसरी असेल तर फक्त भाडेकरूचा ग्राहक अडतो.

हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे दोन फोन शेजारी ठेवणे, एकात मोठ्या कंपनीचे सिम आणि दुसऱ्यात तिच्याच नेटवर्कवर चालणारे भाड्याचे. कामाच्या दिवशी पावणेबाराला, सव्वाबाराला आणि तीन वाजता दोन्हींवर एकच पान उघडून पाहावे. भाड्याचे सिम पावणेबाराला झपाट्याने चालून सव्वाबाराला गळपटत असेल आणि शेजारचा फोन नेहमीसारखा चालत असेल, तर अडथळा दारातच आहे. दोन्ही एकदम संथ झाले तर गर्दी टॉवरवर आहे आणि कंपनी बदलून उपयोग नाही. घर बदलले, स्थानक बदलले तरी रोज बारालाच वेग पडत असेल, तर तीही दाराच्या गर्दीचीच खूण.

हाच हिशेब ग्राहकाच्या फायद्याचा कसा होऊ शकतो, हे ‘मिनेओ’ या भाडेकरू कंपनीने मार्च 2022 मध्ये दाखवले. ‘मायसोकू’ नावाच्या तिच्या योजनेत महिन्याला 990 येनमध्ये 1.5 एमबीपीएस वेगाने हवा तेवढा डेटा वापरता येतो. मुख्य अट अशी: कामाच्या दिवशी दुपारी बारा ते एक वेग 32 केबीपीएसवर आणला जातो. 32 केबीपीएस म्हणजे इंटरनेट जवळपास बंदच. पण भाडे ठरते ते याच तासाच्या गर्दीवर. तो तास सोडायला तयार असलेला ग्राहक कंपनीला रिकाम्या वेळेतली रुंदी वापरून देतो, आणि त्या रुंदीचे भाडे तिने आधीच भरलेले असते. निवृत्त माणसे, रात्रपाळीचे कामगार, घरी वायफाय असलेले लोक यांना हा सौदा लाभतो. दुपारच्या सुटीत फोन पाहणाऱ्याला तो अजिबात लाभत नाही.

बोलण्याचा हिशेब वेगळा

डेटासाठी रुंदीचे भाडे आणि जाहीर दर मिळाले, तसे फोनवरच्या बोलण्यासाठी बराच काळ मिळाले नाही. भाडेकरूंना कॉल घाऊक कराराने विकत घ्यावे लागत आणि मिनिटामागे पैसे मोजावे लागत. त्यामुळे ते ग्राहकाला तीस सेकंदांना 20 येन लावत. मोठ्या कंपन्या मात्र ठरावीक रकमेत अमर्याद बोलणे देत.

यातून ग्राहकासाठी एक स्पष्ट सीमारेषा निघते. 2014 मध्ये डोकोमोची अमर्याद कॉलची योजना 2,700 येन, 2 जीबी डेटा 3,500 येन आणि इंटरनेट सुरू ठेवण्याचे 300 येन, अशी बेरीज कर सोडून 6,500 येन होत होती. आयआयजेचे तेवढ्याच डेटाचे, कॉलची सोय असलेले सिम 1,600 येनला मिळे. फरक 4,900 येनांचा. मिनिटाला 40 येन या दराने तो सुमारे 122 मिनिटांत संपतो. म्हणजे रोज चार मिनिटांपेक्षा जास्त बोलणाऱ्याला स्वस्त सिम महागात पडे, आणि त्याहून कमी बोलणाऱ्याला मोठ्या कंपनीकडे राहणे महाग पडे.

भाडेकरूंनी यावर एक वाट काढली. नंबरापुढे ठरावीक आकडे जोडून कॉल लावला की तो दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त मार्गाने जाई आणि दर निम्मा, म्हणजे तीस सेकंदांना 10 येन होई. हे आकडे आपोआप जोडणारे ॲप भाडेकरू कंपन्याच देत. पण ग्राहक विसरून फोनच्या नेहमीच्या डायलरने कॉल लावत आणि पूर्ण दराचे बिल येई.

या मुद्द्यावरही निर्णय मंत्र्यांच्या निवाड्यानेच झाला आणि दाद मागणारी कंपनी पुन्हा जपान कम्युनिकेशन्सच होती. जून 2020 मध्ये निवाडा आला की डोकोमोने कॉलही खर्चाच्या आधारावर द्यावेत. पुढच्याच महिन्यात कंपनीने 2,480 येनमध्ये 3 जीबी डेटा आणि अमर्याद कॉल अशी योजना बाजारात आणली.

बिलात न दिसणारे तोटे

पैशांच्या फायद्यासोबत ग्राहकाला काही सोयी सोडाव्या लागत. डोकोमोचा ईमेल पत्ता तिची सेवा सोडताच बंद होई. जपानमध्ये तो पत्ता बँकांपासून शाळांपर्यंत सगळीकडे दिलेला असतो, आणि इतर पत्त्यांवरून आलेली पत्रे अडवणारे फोनही बरेच असतात. ‘लाइन’ या लोकप्रिय निरोप-ॲपमध्ये आयडीवरून माणूस शोधण्याआधी वयाची खात्री केली जाई. ती मोठ्या कंपन्यांच्या नोंदींवरून होत असल्याने भाड्याच्या सिमवर ही सोय बराच काळ मिळत नव्हती.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलतानाही अडचण होती. नवे सिम टपालाने येईपर्यंत जुने बंद पडलेले असे, आणि ग्राहक एक-दोन दिवस फोनविना राही. पुढे मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत जागेवरच सिम देणाऱ्या खिडक्या सुरू झाल्या, मग हे थांबले. पण डोकोमोसारखी गल्लोगल्ली दुकाने भाडेकरूंकडे नसतात. फोन बिघडला, सेटिंग हरवले, बिल कळले नाही, तर संगणकावर किंवा फोनवरच मदत घ्यावी लागते. वयस्कर ग्राहकाला हा तोटा पैशांच्या बचतीपेक्षा मोठा वाटू शकतो.

एक तोटा मात्र जपानमध्ये सहसा होत नाही, आणि तो अमेरिकेत होतो. तिथे भाडेकरूच्या ग्राहकाला टॉवरवरच मागच्या रांगेत उभे केले जाते. फोरजीच्या तांत्रिक नियमांत प्रत्येक जोडणीला एक वर्गक्रमांक देता येतो. साध्या डेटासाठी बहुधा 8 किंवा 9 हे वर्ग वापरले जातात आणि 8 ला 9 च्या आधी वाट मिळते. मोठी कंपनी आपल्या महागड्या योजनांना वरचा वर्ग आणि भाडेकरूंच्या स्वस्त योजनांना खालचा वर्ग देऊ शकते. टॉवर मोकळा असेल तर फरक जाणवत नाही. मैदान भरले किंवा मिरवणूक निघाली की खालच्या वर्गाचा डेटा जवळपास थांबतो. फोरजीवरच्या कॉलला मात्र वेगळा, वरचा वर्ग असल्याने बोलणे सहसा चालू राहते. म्हणून स्वस्त सिम घेताना ‘नेटवर्क कोणाचे’ एवढेच विचारून भागत नाही. त्या नेटवर्कवर गर्दीत आपली पाळी केव्हा येते, हेही विचारावे लागते.

मालकच प्रतिस्पर्धी होतो तेव्हा

भाडेकरूची सर्वांत मोठी जोखीम अशी की ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्याच्याशीच बाजारात स्पर्धा करायची. मालकाने स्वतःचे किरकोळ दर उतरवले की घाऊक आणि किरकोळ दरांतला फरक आटतो आणि भाडेकरूला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

जपानमध्ये मार्च 2021 मध्ये हेच घडले. मोबाइलची बिले कमी व्हावीत यासाठी सरकारने दबाव आणला होता. डोकोमोने ‘अहामो’ नावाची योजना आणली: फक्त इंटरनेटवरून नोंदणी, 20 जीबी डेटा, करासह 2,970 येन. इतर मोठ्या कंपन्यांनीही तशाच योजना काढल्या. आता ग्राहकाला मोठ्या कंपनीचाच वेग, दुपारी बारालाही न पडणारा, भाडेकरूच्या जवळपासच्या दरात मिळू लागला. भाडेकरूंना आपले दर आणखी उतरवावे लागले आणि त्यांच्याकडे मुख्यतः कमी डेटा वापरणारे ग्राहक उरले. राकुतेनने आधीच वेगळा मार्ग धरला होता. 2014 मध्ये भाडेकरू म्हणून सुरुवात करून एप्रिल 2020 मध्ये तिने स्वतःच्या टॉवरवर सेवा सुरू केली.

मालक आणखी एका रीतीने स्पर्धा संपवू शकतो, ती म्हणजे भाडेकरूलाच विकत घेणे. अमेरिकेत व्हेरायझनने 2021 मध्ये ट्रॅकफोन घेतली आणि टी-मोबाइलने 2024 मध्ये मिंट मोबाइल. नाव जुनेच राहते, पण स्वतंत्र विक्रेता उरत नाही.

भारतातील स्थिती

भारतात 2008 मध्ये व्हर्जिन मोबाइल आली, पण तेव्हा अशा कंपन्यांना परवाना देण्याची सोय नव्हती. म्हणून तिचे सिम टाटा टेलिसर्व्हिसेसच्या परवान्यावर, केवळ ब्रँड म्हणून विकले गेले. ट्रायने त्याच वर्षी आणि पुन्हा 2015 मध्ये शिफारशी केल्या. अखेर 31 मे 2016 रोजी दूरसंचार विभागाने आभासी ऑपरेटरांच्या परवान्याचे नियम जाहीर केले.

या नियमांत आणि जपानच्या व्यवस्थेत एक मूलभूत फरक आहे. भारतात भाड्याचा दर दोन कंपन्यांनी आपसात ठरवायचा असतो. खर्चावर आधारलेला जाहीर दर नाही आणि मोठ्या कंपनीने जोडणी दिलीच पाहिजे अशी सक्तीही त्यात नव्हती. शिवाय मोबाइल सेवेसाठी भाडेकरूला एका सर्कलमध्ये एकाच मोठ्या कंपनीशी बांधून घ्यावे लागे. एकाने भाव वाढवला तर दुसऱ्याकडे वळण्याची सोय नव्हती.

वेळही प्रतिकूल ठरली. परवान्याचे नियम आल्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर 2016 मध्ये, जिओने सेवा सुरू केली आणि डेटाचे किरकोळ दर कोसळले. जपानमध्ये 6,500 आणि 1,600 येन यांच्यामधल्या अंतरावर भाडेकरूंचा धंदा उभा राहिला होता. भारतात ते अंतरच उरले नाही. 2018 मध्ये ‘ॲडपे’ या कंपनीने तमिळनाडूत बीएसएनएलच्या नेटवर्कवर ‘एअरोव्हॉइस’ ही सेवा सुरू केली, पण मोबाइलच्या बाजारात अशा कंपन्यांना मोठी जागा मिळाली नाही.

जपान आणि भारत यांची तुलना केली की या धंद्याला लागणाऱ्या दोन अटी दिसतात. एक, मोठ्या कंपन्यांचे किरकोळ दर प्रत्यक्ष खर्चापेक्षा बरेच वर असावेत. दोन, घाऊक दर खर्चाजवळ ठेवणारा आणि जोडणी नाकारू न देणारा नियम असावा. पहिली अट नसेल तर ग्राहकाला भाडेकरूची गरज पडत नाही. दुसरी नसेल तर गरज असूनही तो टिकत नाही. दोन्ही असतील तर कमी बोलणारा, मोजका डेटा वापरणारा आणि गर्दीच्या तासाला थांबायची तयारी असलेला ग्राहक बिलातला मोठा हिस्सा वाचवू शकतो. ज्याला कोणत्याही क्षणी पूर्ण वेग हवा आहे, त्याला त्या क्षणाची रुंदी भाड्याने घ्यायचा खर्च कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या बिलातून भरावाच लागतो.